बिल नंबर २३ दोनदा कसा आला?

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे. पण आपल्या सातपाटी-पालघर-बोईसर पट्ट्यात घरबसल्या ऑनलाइन माल विकणारे जे कोणी आहेत, सुकी मच्छी, मसाले, लोणची, चिकूच्या चिप्स, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती.

पंधरा दिवसांपूर्वी सातपाटीतल्या एका ताईंचा फोन आला. सुके बोंबील, सोडे, जवळा स्वच्छ करून, लेबल लावलेल्या पाकिटात भरून त्या विकतात. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर, मग एका मोठ्या ऑनलाइन बाजारात. "भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता ना, मग हे वाचून सांगा," म्हणाल्या. गेलो तर समोर दोन बिलबुकं, मोबाइलमधलं बिलांचं अ‍ॅप आणि कर कार्यालयाची एक विचारणा. त्यातच बोईसरच्या दुकानदाराने ७५० रुपये अडवून धरलेले. मी काही करसल्लागार नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, हिशेबात कच्चाच. पण दोन संध्याकाळ ती कागदपत्रं चाळली, त्यांच्या अकाउंटंटशी बोललो, नियम मुळातून वाचला. तेव्हा लक्षात आलं की ताईंनी करातला एक रुपयाही चोरलेला नाही. चूक झाली ती बिलाच्या नंबरात.

आधी ते ७५० रुपये. ताईंकडे दोन बिलबुकं होती, एक घरी आणि एक भाचीकडे. छापखान्यातून आणलेली, दोन्ही १ नंबरापासून सुरू होणारी. घरच्या बुकातलं २३ नंबरचं बिल पालघरच्या दुकानदाराला गेलं, भाचीच्या बुकातलं २३ बोईसरच्या दुकानदाराला. बोईसरवाल्याने साठ पाकिटं घेतली, २५० रुपये दराने १५,००० रुपये, त्यावर ५ टक्के म्हणजे ७५० रुपये कर. दोन्ही दुकानदारांकडे जीएसटी नंबर, त्यामुळे त्यांची बिलं पोर्टलवर एकेक करून भरावी लागतात. एकाच आर्थिक वर्षात एकच नंबर दुसऱ्यांदा पोर्टल घेत नाही. अकाउंटंटने वेळ मारून नेली आणि दुसरं बिल 23A म्हणून टाकलं. आता बोईसरवाल्याच्या हातातल्या कागदावर 23, त्याच्या पोर्टलवर दिसतं 23A. त्याचा अकाउंटंट म्हणाला, जुळत नाही, हे क्रेडिट मी घेणार नाही. दुकानदार म्हणाला, मग मी ७५० रुपये देणार नाही. सहा महिन्यांचं गिऱ्हाईक तुटायची वेळ आली.

शेवटी काय केलं, तर 23A वर पूर्ण रकमेची क्रेडिट नोट काढली आणि नव्या नंबराचं नवं बिल दिलं. कर तेवढाच राहिला, दुकानदाराचं क्रेडिट मोकळं झालं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बिलावर लागतं तरी काय काय? हे सगळं केंद्रीय जीएसटी नियम २०१७ मधल्या नियम ४६ मध्ये लिहिलेलं आहे. तो वाचायला अवघड नाही, पण नुसती यादी वाचून डोक्यात काही राहत नाही. म्हणून ताईंच्या एका खऱ्याखुऱ्या प्रकारच्या पार्सलचं बिल समोर ठेवतो. अंधेरीत राहणाऱ्या एका ग्राहकाने ऑर्डर दिली, पैसेही त्यानेच भरले, पण पार्सल पाठवायचं वापीला त्याच्या मावशीकडे. बोंबलाची दोन पाकिटं, प्रत्येकी ३०० रुपये, आणि सोड्यांचं एक पाकीट ४०० रुपये. १०० रुपये सूट. पोहोचवण्याचे ६० रुपये.

बिलाच्या डोक्यावर ताईंचं नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर. तो पंधरा अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो. मग बिल नंबर आणि तारीख. नंबराबद्दल पुढे सविस्तर बोलू.

मग घेणाऱ्याचं नाव-पत्ता. घेणाऱ्याकडे जीएसटी नंबर असेल तर नाव, पत्ता, नंबर तिन्ही हवेतच. साधा ग्राहक असेल आणि बिल ५० हजारांच्या आत असेल तर नाव-पत्ता त्याने मागितला तरच लिहायचा, असं नियम म्हणतो. इथेच आपले लोक फसतात. "मागितलं नाही, लिहिलं नाही" म्हणून मोकळे होतात. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम १० मध्ये नवं पोटकलम आलं आहे. नोंदणी नसलेल्या ग्राहकाला माल विकला, तर बिलावर जो पत्ता नोंदला तेच पुरवठ्याचं ठिकाण. पत्ताच नोंदला नाही, तर विकणाऱ्याचं ठिकाण धरायचं. पूर्ण पत्ता नसला तरी राज्याचं नाव लिहिलेलं पुरतं. म्हणजे राज्य लिहिलं नाही की वापीला गेलेला माल कागदावर सातपाटीतच विकला गेला.

आणि पैसे भरणारा अंधेरीत, माल घेणारी वापीत, तर पत्ता कोणाचा? जून २०२४ मध्ये केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून याचं उत्तर दिलं आहे. अशा ऑनलाइन विक्रीत माल जिथे पोहोचतो तो पत्ता धरायचा. म्हणून ताईंच्या या बिलावर पुरवठ्याचं ठिकाण गुजरात, कोड २४, आणि कर लागणार तो आयजीएसटी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात पाठवलं असतं तर अर्धा सीजीएसटी, अर्धा एसजीएसटी. ताईंनी अशी काही बिलं अंधेरीचा पत्ता बघून महाराष्ट्राची केली होती. चुकीच्या खात्यात गेलेला कर आपोआप वळत नाही. योग्य खात्यात पुन्हा भरावा लागतो आणि आधी भरलेला परत मागावा लागतो. व्याज लागत नाही, एवढंच समाधान.

मग माल. वर्णन, नग किंवा वजन, आणि एचएसएन कोड. सुके बोंबील ०३०५ मध्ये येतात, सोडे ०३०६ मध्ये, कारण कोळंबी कायद्याच्या दृष्टीने मासा नाही. (आपल्या आयांना हे सांगून बघा.) पाच कोटींच्या आत उलाढाल असेल तर साध्या ग्राहकाच्या बिलावर कोडची सक्ती नाही, पण दुकानदाराच्या बिलावर चार आकडी कोड लागतोच. माझं मत, सगळीकडे लिहा. एकदा टाइप करून ठेवायचं असतं.

आता पैसे. पाकिटांचे १,००० रुपये, सूट १०० वजा, राहिले ९००. पोहोचवण्याचे ६० रुपये यात मिळवायचे, कारण ते त्याच मालाच्या विक्रीचा भाग आहेत. बरेच जण ते बाहेर ठेवतात. करपात्र रक्कम ९६०, दर ५ टक्के, कर ४८ रुपये, एकूण १,००८. हे सगळे आकडे बिलावर वेगळे दिसले पाहिजेत. "करासहित १,००८" एवढंच लिहून चालत नाही. शेवटी सही. बिल इलेक्ट्रॉनिक स्वरूपात रीतसर दिलं असेल तर सही नसली तरी चालते, पण कागदावर लिहून फोटो पाठवत असाल तर सही करा.

एक खुलासा, कारण कमेंटमध्ये विचारलंच जाईल. ताज्या मासळीवर जीएसटी नाही. सुट्या, लेबल नसलेल्या सुक्या मच्छीवरही नाही. किरकोळ विक्रीसाठी आधीच भरून लेबल लावलेलं पाकीट झालं की ५ टक्के, हे १८ जुलै २०२२ पासून. म्हणून बंदरावर पाटी घेऊन बसणाऱ्या आजींना या पोस्टचा काही त्रास नाही. पण लेबलचं पाकीट राज्याबाहेर विकायचं तर ४० लाखांची मर्यादा बघत बसू नका. तिथे पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते. आणि नोंदणी नसताना बिलावर कर लावून पैसे घेणं हा वेगळाच गुन्हा.

आता नंबर. नियमाचे शब्द सोपे आहेत. नंबर सलग असावा, सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा, अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच वापरावं, आणि एका आर्थिक वर्षात एक नंबर एकदाच यावा. एकापेक्षा जास्त मालिका चालतात. १ पासूनच सुरू करा, असंही नियम म्हणत नाही.

ताईंनी अ‍ॅप घेतल्यावर हौसेने नंबर ठेवला होता `SATPATI/2025-26/001`. मोजा, एकोणीस अक्षरं होतात. तो बदलून `SB/25-26/0001` केला, तेरा अक्षरं. पुढची शून्यं ठेवायची, म्हणजे यादी लावताना १०० नंबर २ च्या आधी येऊन बसत नाही.

पण सलगच का? ताईंचा हाच प्रश्न होता. "कर भरला ना मी? मग मध्ये एखादा नंबर नसला तर सरकारचं काय गेलं?"

प्रश्न रास्त आहे. मी त्यांना गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक आठवायला सांगितलं. मंडळ पोरांना छापील नंबरांची पुस्तकं का देतं? पन्नास पावत्यांचं पुस्तक परत आलं आणि ३७ नंबर फाडलेला दिसला की खजिनदार विचारतो, ३७ कुठंय? पावती फुकट गेली असेल तर मूळ पावती आणि स्थळप्रत दोन्ही पुस्तकात हव्यात. नंबर नसते तर कोणी किती जमवले हे कोणालाच कळलं नसतं. पोरगा प्रामाणिक असला तरी त्याला ते सिद्ध करता आलं नसतं.

जीएसटीत हे आणखी नेमकं लागू होतं. दुकानदाराला दिलेलं बिल पोर्टलवर एकेक जातं, तिथे समोरची बाजू तपासते. पण वापीच्या मावशीसारख्या साध्या ग्राहकांची छोटी बिलं एकेक जात नाहीत. महिन्याची बेरीज जाते, राज्यवार आणि दरवार. गुजरात इतके, कर्नाटक इतके. त्या बेरजेच्या आत किती बिलं आहेत, एखादं गाळलं का, हे बेरजेवरून कळूच शकत नाही. ते कळतं फक्त जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ वरून. त्यात लिहायचं असतं, या महिन्यात अमुक नंबरापासून तमुक नंबरापर्यंत बिलं काढली, एकूण इतकी, रद्द इतकी, राहिली इतकी. २०२५ पासून हा तक्ता भरणं सक्तीचं झालं आहे. ऑनलाइन किरकोळ विक्रेत्याच्या बाबतीत सरकारच्या हातात असलेला एक महत्त्वाचा धागा तो. तुमच्याही हातात तोच असतो, हे माझं मुख्य म्हणणं आहे.

सलग नंबराला तारखेची जोड असते. १३० नंबर ८ तारखेचा आणि १३१ नंबर ६ तारखेचा दिसला की कोणीही विचारेल, मागच्या तारखेचं बिल नंतर घुसवलं का? नंबर आणि तारीख दोन्ही पुढेच गेले पाहिजेत.

आता ताईंची ती विचारणा. एका महिन्याच्या तक्ता १३ मध्ये अकाउंटंटने `SB/25-26/0112` ते `SB/25-26/0168`, एकूण ५७, रद्द शून्य असं भरलं होतं. बिलांच्या प्रती मागवल्या तेव्हा निघाल्या ५१. सहा गायब. झालं असं की चार पार्सलं ग्राहकाने घेतलीच नाहीत, कुरिअरने परत आणली. दोन ऑर्डरी पॅक करण्याआधीच फोनवरून रद्द झाल्या. दर वेळी ताईंनी अ‍ॅपमध्ये ते बिल उघडलं आणि सरळ डिलीट केलं. विक्रीच झाली नाही तर बिल कशाला, हा त्यांचा हिशेब. घरच्या हिशेबात तो बरोबरही आहे. पण अ‍ॅपने नंबर पुढे सरकवला आणि मागे भोक राहिलं. बाहेरून बघणाऱ्याला परत आलेलं पार्सल आणि रोखीने विकून फाडलेलं बिल यातला फरक दिसत नाही. दोन्हीकडे नुसती मोकळी जागा दिसते.

योग्य रीत वेगवेगळी आहे. माल घरातून निघण्याआधी ऑर्डर रद्द झाली, तर बिल पुसायचं नाही. त्यावर "रद्द" लिहायचं, कारण लिहायचं, सगळ्या प्रती जपायच्या आणि तक्त्यात रद्दच्या रकान्यात मोजायचं. माल निघाला आणि परत आला, तर बिल रद्द होत नाही. ते बिल खरं होतं. त्याच्यावर क्रेडिट नोट काढायची, तिचीही वेगळी सलग मालिका, आणि कुरिअरची परतीची नोंद तिला जोडून ठेवायची. या हिशेबाने ताईंच्या तक्त्यात यायला हवं होतं, एकूण ५७, रद्द २, राहिली ५५, आणि खाली क्रेडिट नोटा `CN/25-26/01` ते `CN/25-26/04`. आर्थिक वर्ष संपल्यावर पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच क्रेडिट नोट रिटर्नमध्ये दाखवता येते, तोवर वार्षिक रिटर्न भरलं नसेल तर. त्यानंतर भरलेला कर परत कमी करता येत नाही.

चार परतीच्या पार्सलांची कुरिअरची नोंद मिळाली. उरलेल्या दोन रद्द ऑर्डरींचा पुरावा म्हणजे फक्त फोनवरचं बोलणं. तेवढं लेखी लिहून दिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

इथे माझा राग सांगतो. सहा बिलांवरचा कर मिळून तीनशे रुपयेसुद्धा होत नाही. कायद्यातच कलम १२६ आहे, ते म्हणतं की पाच हजारांपेक्षा कमी कराच्या किरकोळ चुकीला, किंवा कागदपत्रातल्या सहज सुधारता येणाऱ्या आणि लबाडी नसलेल्या चुकीला दंड लावू नये. हे कलम अशा विचारणेसोबत छापून का येत नाही? विचारणा हातात पडली की बाई घाबरते. बिल न दिल्याचा किंवा खोटं दिल्याचा दंड दहा हजारांपासून सुरू होतो, हे तिला लगेच कोणीतरी सांगतं. १२६ बद्दल कोणी सांगत नाही. दुसरा राग बिलांची अ‍ॅपं करणाऱ्यांवर. काढलेलं बिल डिलीट करायचं बटण मुळात असावंच का? "रद्द करा" एवढंच ठेवा ना.

पण "छोट्यांना कशाला नंबरांचं झंझट" असं जे आपल्याकडे बोललं जातं, ते मला पटत नाही. मोठ्या कंपनीकडे गोदामाची नोंद असते, ऑडिटर असतो, वकील असतो. ताईंकडे स्वतःच्या खरेपणाचा पुरावा म्हणून काय आहे? बोंबील वाळवायला घेतले तेव्हाचा हिशेब तोंडी, बायकांची मजुरी रोख. बाहेरचा माणूस तपासू शकेल अशी एकच गोष्ट त्यांच्याकडे आहे, बिलांची सलग फाइल. ती फाइल भोकं न पडता ठेवली तर बाकी सगळं तोंडी असूनही त्यांचं म्हणणं टिकतं.

काही चुका मी इतरांच्या बिलांवरही बघितल्या, त्या जाता जाता सांगतो. कोणी रोज १ पासून सुरुवात करतं. कोणी कुरिअरचा नंबर किंवा यूपीआयचा नंबर बिल नंबर म्हणून टाकतं, तो तुमच्या हातात नाही, सलग कसा राहील? कोणी स्वतःच्या वेबसाइटचा ऑर्डर नंबर वापरतं. त्यात अडचण अशी की पैसे न भरता सोडून दिलेली ऑर्डरही नंबर खाऊन जाते. ऑर्डर नंबर बिलावर वेगळा लिहा, हवा तर मोठ्या अक्षरात, पण बिल नंबर माल निघताना किंवा त्याआधी आपला आपण द्या.

आणि ऑनलाइन बाजारात विकत असाल तर तिथली बिलं बहुतेक वेळा ती साइटच तुमच्या नावाने काढते, तिच्या स्वतःच्या मालिकेत. ती बिलंही तुमचीच आहेत. महिन्याचा अहवाल उतरवून घ्या आणि ती मालिका तक्ता १३ मध्ये वेगळ्या ओळीत दाखवा. साइट कमिशनचं जे बिल तुम्हाला देते, ते यात मिसळू नका.

ताईंनी आता तीन मालिका ठेवल्या आहेत. घरून जाणाऱ्या मालाला `SB`, भाचीच्या बुकाला `BH`, आणि साइटची तिची तिची. १ एप्रिलला पहिल्या दोन्ही पुन्हा 0001 पासून, वर्ष बदलून. भाचीने परवा एक बिल चुकवलं, पण फाडलं नाही. तिन्ही प्रती पुस्तकात ठेवून वर "रद्द, वजन चुकलं" लिहिलं आणि मला त्याचा फोटो पाठवला.

कोणाकडे अशीच विचारणा आली असेल तर कमेंटमध्ये नाव-नंबर टाकू नका, मला मेसेज करा. बोईसरच्या एका करसल्लागारांनी महिन्यातल्या एका रविवारी सातपाटीत येऊन दोन तास बसायची तयारी दाखवली आहे. जागा आणि वेळ ठरली की इथेच कळवतो. येताना बिलबुकं आणा, फाडलेली पानं असतील तर तीही.